चाळिशीत 'ळ' शिकणं

"बाराव्या वर्षानंतर जीभ कडक होते. म्हणून वीस वर्षं मुंबईत काढलेला यूपीवाला अजून 'वेल नाही' म्हणतो आणि त्याची पोरं बघता बघता 'ळ' बोलतात. मोठ्यांनी उच्चाराच्या फंदात पडूच नये."

जिभेचं म्हणाल, तर याच माणसाला 'घोड़ा' म्हणायला सांगा. जीभ झटकन मागे वळून टाळूला लागते आणि 'ळ'लाही तेवढंच वळण लागतं. अडतं ते कानाशी, आणि तेही बाराव्या वर्षाच्या फार आधी. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाच्या आतबाहेर असलेल्यांपैकी फारच थोड्यांना. घरात जे आवाज वेगळे मानले जातात तेवढेच कान वेगळे ठेवतो. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, म्हणून 'वेळ' त्या कानात 'वेल' होऊनच शिरतो. चाळिशीत मराठी शिकणाऱ्या गुजराती माणसाचा 'ळ' सहसा अडत नाही, कारण त्याच्या भाषेत तो आहेच.

पोरांचा मुद्दा अर्धा खरा आहे. लांब पल्ल्यात मुलंच पुढे जातात. पण त्यांना वर्गात दिवसभर 'ळ' ऐकू येतो आणि चुकलं की मित्र लगेच चिडवतात. बापानं मराठीत विचारलं तर आपण मुंबईकर उत्तर हिंदीत देतो. मग तो ऐकणार कुठे?

फंदात पडायचंच, फक्त कानापासून सुरुवात करायची. जपानी प्रौढांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकवून ओळखायला लावले, तेव्हा बोलण्याचा सराव न करताही त्यांचे उच्चार सुधारले. इथेही चार-पाच ओळखीच्या लोकांकडून काल-काळ, गाल-गाळ, माल-माळ रेकॉर्ड करून घ्या. क्रम मिसळून ऐका, कोणता शब्द ते लिहा आणि ताडून बघा. एकाच आवाजावर सराव केला तर तो आवाज तेवढा ओळखीचा होतो.

मग तोंड. पहिल्या प्रयत्नात 'गाळ'चा बहुधा 'गाड़' होतो. 'ळ'च्या जागी जीभ तशीच धरून श्वास आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार लागलं तर जागा बरोबर; हवा अडली तर कडा खाली सोडा.

पुढे एक गमतीची पायरी येते: माणूस 'मळा चहा पाहिजे' म्हणू लागतो. हसू नका. दोन आवाज वेगळे झालेत, कोणत्या शब्दात कोणता हे अजून बसायचंय. म्हणून सतत लागणारे शब्द आधी घटवावेत: मिळालं, सगळे, जवळ, वेळ, आणि हिंदीत 'परेल', 'वडाला' होणारे परळ, वडाळा. सुट्या शब्दात 'ळ' आधी येतो, सावकाश बोलताना नंतर, आणि रिक्षावाल्याशी भांडताना पुन्हा 'ल' होतो. हेल तर बहुधा जौनपूरचाच राहील, पण त्यामुळे समोरच्याचं काही अडत नाही. 'काल' म्हणालात की 'काळ', हे त्याला नुसत्या ऐकण्यावरून कळलं पाहिजे.