दोननं भागायचंच कशाला?

परवा प्रात्यक्षिक परीक्षेत, माझ्याच विद्यार्थ्यांदेखत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला फळ्यापाशी उभं करून गुणाकार करायला लावला. एकोणीस वर्षं शिकवतोय मी!

प्रयोग साधाच. केशनळी पाण्यात उभी धरायची, पाणी किती चढलं ते चल सूक्ष्मदर्शकानं मोजायचं आणि पृष्ठताण काढायचा. नळीच्या भोकाचा व्यास १ मिमी, म्हणजे त्रिज्या ०.०५ सेंमी (मिमीतच ठेवली तर उत्तर दहापट फुगतं, तो उद्योग पोरं दरवर्षी करतात). उंची आली १.४५ सेंमी. उंची, त्रिज्या, पाण्याची घनता आणि g यांचा गुणाकार, १.४५ × ०.०५ × १ × ९८० म्हणजे ७१, भागिले दोन, साडेपस्तीस डाइन प्रति सेंमी. पाण्याचा पृष्ठताण ७१-७२ हवा.

परीक्षकांनी फळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सर, हे दोननं भागायचंच कशाला? खोडा ना. ७१ आलंच की!"

म्हटलं, "पाण्याला वर ओढणारा ताण नळीच्या परिघावर असतो, 2πr वर. खाली लोंबणाऱ्या पाण्याचं वजन πr² × h × घनता × g. तो दोन परिघातून येतो, माझ्या पदरचा नाही."

"पण खोडल्यावर बरोबर येतंय," ते म्हणाले. असल्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे कुठल्याच शिक्षक प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे आमचे भाऊ पुढे सरसावले. "सर, नळी चकचकीत असा. काल खोबरेल लावन पुसलंय. खाऱ्या वाऱ्यान गंजाक नको म्हणान."

"भाऊ, काच गंजते?"

"आमच्या खिडकेचो कडी-कोयंडो गंजलो मा?"

तर हे असं होतं. सूत्रात छेदात दोनच्या जोडीला cosθ असतो. स्वच्छ काचेवर पाण्याचा स्पर्शकोन शून्याजवळ, म्हणून cosθ एक धरून आपण तो विसरतो. तेलकट काचेवर पाणी बिचकतं. अळूच्या पानावरचा थेंब आठवा, पानाला चिकटतच नाही. आमच्या नळीत कोन साठ अंशांच्या आसपास गेला असावा, cos 60° म्हणजे निम्मं, आणि पाणीही निम्मंच चढलं. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. नळी खोल बुडवून वर उचलली की स्वच्छ नळीत पाणी पुन्हा त्याच खुणेवर येऊन थांबतं, आमच्या नळीत दर वेळी वेगळीकडे अडकत होतं. वरचा खोलगट बाकही सपाट दिसत होता. मग θ साठ घालून उत्तर जुळवायचं? छे! पृष्ठताण आधी माहीत धरला, म्हणून तर साठ मिळाले.

नळी कॉस्टिक सोडा, मग नायट्रिक आम्ल, मग भरपूर पाणी अशी धुतली. पाणी २.९ सेंमी चढलं. दोननं भागून ७१.

परीक्षकांनी ते पाहिलं नाही, त्यांची एसटी होती. जाताना शेरा मात्र लिहून गेले: 'उपकरणांची देखभाल उत्तम.' भाऊ ती वही सगळ्यांना दाखवत फिरतायत.