पंचगंगेच्या काठचं सोलापूर

मित्राचा ८० पानी प्रोजेक्ट तपासायचा मान तुम्हाला पहिल्यांदाच मिळाला असेल तर अभिनंदन. आजपासून तुम्ही प्रूफरीडर. पात्रता एकच, दहावीला मराठीत तुम्हाला बरे मार्क पडले होते हे कुणाच्या तरी लक्षात राहिलं. निरोपही ठरलेला असतो. "जरा नजर टाक की बे. सगळं झालंय, फक्त शुद्धलेखन बघायचंय. उद्या अकराला सबमिशन आहे." असाच एक प्रोजेक्ट नुकताच रात्री उशिरा माझ्या मोबाइलवर येऊन पडला. विषय, सोलापुरातील यंत्रमाग कामगार. त्यातून जी विद्या मिळाली ती नवोदितांना फुकट देतोय.

प्रोजेक्ट मोबाइलवरच वाचा. कागदावर छापून घेतला तर चुका दिसायला लागतात.

सुरुवात पहिल्या पानापासून करा आणि ऱ्हस्व-दीर्घ, आकडे, नावं, मथळे सगळं एका दमात बघा. पहिल्या दहा पानांत तुम्ही स्वल्पविरामांशी भांडाल आणि चाळिसाव्या पानावर तोच परिच्छेद दुसऱ्यांदा आलाय हे तुम्हाला कळणारही नाही. छापखान्यात मुरलेली माणसं एका फेरीत एकाच जातीची चूक धरतात, म्हणजे एकदा फक्त आकडे, एकदा फक्त मथळे, मग शब्द. पण त्यांना वेळ असतो. तुम्हाला मित्र आहे.

शब्दांखालच्या लाल रेघांवर पूर्ण श्रद्धा ठेवा. मराठीत त्या एकतर प्रत्येक शब्दाखाली असतात किंवा एकाही नाही, त्यामुळे निर्णय लवकर होतो.

ऋणनिर्देश मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. सरांच्या नावातली चूक सरांना हमखास सापडते.

आता मुख्य गोष्ट. पान ९ वर "सोलापूरतील" असा शब्द दिसला तर तुम्ही काय कराल? "सोलापुरातील" असं दुरुस्त करून शहाण्यासारखे पुढे जा. नियमही सोपा आहे. विभक्ती लागताना शब्दाचं सामान्यरूप झालं की शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून सूत पण सुताचा, मजूर पण मजुरांना, सोलापूर पण सोलापुरात. "सोलापूरला", "सोलापूरचा" यांत सामान्यरूपच होत नाही, म्हणून तिथे पू दीर्घच राहतो. झालं. चूक सापडली, प्रूफरीडर खूश.

फक्त एक विचारू नका, की "सोलापूरतील" असं लिहिलं कुणी? शुद्धलेखन कच्चं असलेला माणूस "सोलापूरातील" लिहितो. त्याचा पू चुकेल, पण त्याचा रा गळत नाही, कारण जन्मात कधी कुणी "सोलापूरतील" असं बोललेलं नाही. ही चूक माणसाच्या हातची नाहीच. मूळ शब्द "इचलकरंजीतील" होता. कुणीतरी Ctrl+H दाबून "इचलकरंजी" काढलं, "सोलापूर" घातलं आणि चहा प्यायला गेलं. ईकारान्त नावाला "तील" थेट चिकटतं, अकारान्त नावाला मधे आ लागतो, हे त्या बटणाला कोण सांगणार?

एकदा हा धागा हाती लागला की सगळी चादर उसवते. पान ११: "पंचगंगा नदीच्या काठी सोलापूर वसली आहे." वसली! इचलकरंजी ती, सोलापूर ते. नाव बदललं, क्रियापद जुन्याच गावात राहिलं. पंचगंगा आपल्याकडे कधी आली हेही कळलं असतं तर बरं झालं असतं, नळाला तरी रोज पाणी आलं असतं. पान १४ वर सोलापूर हातकणंगले तालुक्यात गेलंय. पान १९ वर आपण म्हणे पॉपलिनसाठी नावाजलेले आहोत. ज्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यांचा अख्ख्या प्रकरणात एक शब्द नाही. लिहिणारा पोरगा राहतो कुठे? पूर्व भागात! खिडकीबाहेर मागाचा खडखडाट चालू असताना यानं पॉपलिन लिहिलंय.

Ctrl+F मध्ये "इचलकरंजी" टाकून बघितलं तर एकही सापडली नाही. म्हणून मग "लकरंजी" एवढंच टाकलं, तर चार ठिकाणी उगवली, कारण मूळ लेखकानं तिथे दीर्घ ई काढून "ईचलकरंजी" लिहिलं होतं. बदली करणारं बटण हुबेहूब तीच अक्षरं शोधतं. मूळ लेखकाचं शुद्धलेखन आडवं आलं म्हणून हा चोर सापडला. पाचवी इचलकरंजी आलेखाच्या चित्रात होती. चित्रातल्या अक्षरांना शोधही लागत नाही आणि बदलही, ती डोळ्यांनीच वाचावी लागतात. तेव्हा नवोदितांनो, नाव शोधताना ते अर्धंच टाका, आणि ज्या वाक्यात गावाचं नाव आहे त्याचं क्रियापद तपासा.

हे सांगताना मी उपरोध विसरलो. असो.

तक्त्यांकडे अजिबात बघू नका. आकडे म्हणजे शुद्धलेखन थोडंच? मी उगाच बघितले. मासिक उत्पन्नाचा तक्ता, एकूण कामगार ५०. तीन गट: २६, १५ आणि ७. मोबाइलवर बेरीज केली, ४८. शेजारी टक्के ५२, ३० आणि १४, म्हणजे ९६, आणि खाली छातीठोकपणे १००. दोन कामगार रात्रपाळीला गेले असावेत. तक्त्याखालचं वाक्य म्हणतं, "यावरून ६२ टक्के कामगार पहिल्या गटात मोडतात असे दिसून येते." कशावरून दिसून येते? संशोधन पद्धतीच्या प्रकरणात तर ६० कामगारांच्या मुलाखती आहेत. तक्ता, त्याचा आलेख आणि त्याखालचं वाक्य अशी तिन्ही शेजारी ठेवायची, मग पद्धतीच्या प्रकरणातल्या नमुन्याशी ताडायची, एवढ्यानं निम्मा प्रोजेक्ट उघडा पडतो. पण दुरुस्ती तुम्ही करायची नाही. तिथे समासात प्रश्नचिन्ह टाकायचं. ते दोन कामगार कोणत्या गटातले हे भरलेल्या प्रश्नावल्या सांगतील, तुम्ही नाही.

मी प्रश्नावल्या मागितल्या. "त्या कशाला? तू फक्त काना-मात्रा बघ ना."

अनुक्रमणिकेतले पान नंबर सगळ्यात शेवटी बघा, म्हणजे उगाच दोनदा बघावे लागणार नाहीत. हे खरंच सांगतोय.

आणि आता तुझ्याशी, कारण तू हे वाचणार हे मला माहितीये. तुला प्रूफरीडर नको होता. तुला इचलकरंजीचा माल सोलापूरच्या शिक्क्यानं खपवायला शिकाऊ हमाल हवा होता. मी "सोलापूरतील" सगळीकडे नीट करून दिलं असतं तर सरांना वासही आला नसता, आणि चोरी माझ्या शुद्धलेखनानं झाकली गेली असती. काना-मात्रा मी बघितल्या नाहीत. फाइल तशीच परत पाठवलीय, फक्त प्रश्नचिन्हं टाकून. सबमिशनला मुदत मागून घे. तुझ्या घरापासून चार पावलांवर कारखाने आहेत. वही घे, जेवणाच्या सुट्टीत जा, पन्नास माणसांना विचार की महिन्याला हातात किती पडतात. मग लिही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या पाचशे चुका कर, मी एकेक बसून काढीन. फक्त रात्री अकरा वाजता पाठवू नकोस.