चिंतनपत्रकावर मुलं खोटं लिहितात का?

मुलांचे खर्डे, शेवटची प्रत आणि आपल्या लेखनाबद्दल त्यांनी स्वतः भरलेलं चिंतनपत्रक एका फायलीत, म्हणजे संचिकेत, ठेवण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "मॅडम, संचिकेची कल्पना वाचायला बरी वाटते. मीही आठवीला मराठी शिकवतो. मुलं चिंतनपत्रकावर तुम्हाला हवं तेच लिहिणार, 'माझ्यात खूप सुधारणा झाली' वगैरे. निम्मं लेखन घरात ताईनं नाहीतर क्लासच्या सरांनी केलेलं. साठ मुलांच्या वर्गात हे वाचायचं कधी? आणि त्यावरून गुण द्यायचे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे."

सर, गोडगोड लिहिण्याचा दोष मुलांपेक्षा पत्रकावरच्या प्रश्नाचा जास्त असतो. 'या लेखनातून तू काय शिकलास?' असं विचारलं की 'खूप काही शिकलो, आता अक्षर सुधारेन' याखेरीज काही हाती लागत नाही. माझ्या पत्रकावर तीनच प्रश्न आहेत. बदललेलं एक वाक्य शोध आणि आधीचं, नंतरचं, दोन्ही उतरवून काढ. ते का बदललंस? आणि कुणाचा कुठला सल्ला तू मानला नाहीस, का? या तिन्हींची उत्तरं खर्डे समोर ठेवल्याशिवाय देता येत नाहीत, आणि मलाही ती खर्ड्यांशी लावूनच वाचता येतात.

एका मुलीची संचिका सांगते. जुलैत वर्गात विषय दिला होता 'आमच्याकडचा पावसाळा'. तिच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, "पूर आला की लोकांचे खूप हाल होतात." शेजारच्या मुलीनं समासात पेन्सिलीनं विचारलं, "कोणाचे?" दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य असं झालं: "राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की आजी तांदळाचा डबा माळ्यावर चढवायला लावते, आणि ४३ ची बातमी आली की आम्ही मामाकडे जातो." पत्रकावर तिनं लिहिलं, "आधी कोणाचे हाल ते कळत नव्हतं. आता आमच्याच घरचं लिहिलं." तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्याहून आवडलं. शेवटी पुराबद्दल एखादा सुविचार घाल, असं मैत्रिणीनं सुचवलं होतं, हिनं घातला नाही, कारण "सुविचार कुठल्याही निबंधाला चालतो."

पण याला मी अजून प्रगती म्हणत नाही. मैत्रिणीनं विचारलं म्हणून एक वाक्य सुधारलं, एवढंच यातून दिसतं. सप्टेंबरमध्ये पुन्हा अनुभवलेखनच दिलं, विषय गणपती विसर्जनाचा. या वेळी पहिल्याच खर्ड्यात, कुणी न विचारता, तिनं गल्लीतल्या ट्रॉलीचं चाक चिखलात रुतलं आणि कुणी काय केलं ते लिहिलं होतं. सवय अंगी मुरल्याची खूण इथे आहे. म्हणून सत्राच्या दोन्ही टोकांना लेखनप्रकार एकच ठेवावा लागतो. जुलैचा निबंध आणि सप्टेंबरचं अर्जलेखन शेजारी ठेवून तुलना होतच नाही; तशी केली तर तुमचं 'अंदाजपंचे' खरं ठरेल.

ताईच्या हाताचं म्हणाल, तर पहिले खर्डे वर्गातच होतात, त्यावर तारखेचा शिक्का पडतो आणि फायली वर्गाच्या कपाटात राहतात. घरी फक्त शेवटची स्वच्छ प्रत लिहायची. तिच्यात एकाएकी 'निसर्गाने हिरवा शालू पांघरला' अवतरलं आणि खर्ड्यात त्याचा मागमूस नसला, की मी मुलाला जवळ बोलावून विचारते, "हे वाक्य कुठून आलं?" दोन मिनिटांत उलगडतं. उलटंही होतं: लेखन सुधारलेलं, पण पत्रक कोरं. असली मुलं तोंडी छान सांगतात. त्यांचं म्हणणं मीच पत्रकावर टिपून घेते.

सगळे खर्डे मी तपासत नाही. खर्ड्यांवर मुलं एकमेकांना प्रश्न विचारतात. मी आठवड्याला एका रांगेची संचिका चाळते, गुण न देता. गुण सत्राअखेरीस एकदाच, तेही मुलानं स्वतः निवडलेल्या दोन लेखनांना आणि वर्गात झालेल्या एका लेखनाला. ते लेखन आज कुठे पोचलंय याचे; सुधारणेचे गुण मी देत नाही, कारण जूनमध्येच चांगलं लिहिणाऱ्या मुलाला सुधारायला जागा कमी असते आणि त्याच्यावर अन्याय होतो. प्रगती शब्दांत नोंदवते, वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात ती सरळ बसते. पत्रकाला २० पैकी ५, आणि तेही खर्ड्याशी जुळलं तरच.

एक अडचण मात्र राहतेच. त्याच संचिकेला मी १६ देते आणि दुसऱ्या तुकडीच्या बाई १२. म्हणून आधी दोघी त्याच तीन संचिका वेगवेगळ्या तपासतो आणि फरक कशामुळे पडला त्यावर बसून बोलतो. बहुतेकदा त्या बाई शुद्धलेखनाचे गुण दोनदा कापत असतात, आणि मी चांगलं पत्रक वाचून लेखनावरही खूश झालेली असते. त्यामुळे आता लेखनाचे गुण लिहून झाल्याशिवाय मी पत्रक उघडत नाही.