सातबारा एक, जमिनी तीन

आपल्याकडं जमिनीचा भाव दोन गोष्टींवर ठरतो : रस्ता किती लांब आहे आणि विहिरीला पाणी किती आहे. जमिनीच्या क्षमतेचा वर्ग ठरवताना मात्र या दोन्हींपैकी रस्त्याला काडीचंही महत्त्व नसतं. मला हा विषय म्हणूनच आवडतो. आणि म्हणूनच गावाचा पाणलोट आराखडा किंवा पीक नियोजन करताना कुणी मृदा नकाशा उघडतच नाही याचा रागही येतो. मृदाशास्त्र शिकलोय, शिवारात खड्डे खांदलेत, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

क्षमतेनुसार जमिनीचे वर्ग लावायची ही पद्धत अमेरिकेच्या मृदा संधारण खात्याची. तिथं 1930 च्या दशकात धुळीच्या वादळांनी लाखो एकर रानं उडून गेल्यावर जमीन कशी वापरावी याचा विचार सुरू झाला आणि 1961 साली तिचं प्रमाण हस्तपुस्तक निघालं. जमिनीचे आठ वर्ग. पहिले चार नांगराखाली चालतील असे, पुढचे चार गवत, झाडं, जंगल आणि वन्यजीवांसाठी. इंग्रज आणि निजामाच्या काळातही जमिनीची प्रत आण्यांत लावत होतेच, पण तेव्हाचा सवाल 'सारा किती घ्यायचा' हा होता. इथं सवाल वेगळा आहे : ही जमीन दरवर्षी नांगरली तर तिचं नुकसान किती होईल, आणि ते टाळायला किती खटाटोप करावा लागेल?

वर्गाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं असतं त्यापुढचं अक्षर. ई म्हणजे धूप, डब्ल्यू म्हणजे पाणी साचणं, एस म्हणजे मातीतलाच दोष (उथळ, दगडगोटे, चुनखडी, क्षार), सी म्हणजे हवामान. दोन शेतं चौथ्या वर्गात असली तरी एकाचं दुखणं उतार असतं आणि दुसऱ्याचं चोपण माती, मग दोघांना एकच बांधबंदिस्ती सुचवून काय उपयोग? वर्ग लावताना सरासरी काढत नाहीत हेही लक्षात ठेवायला हवं. नऊ गुण उत्तम आणि एक वाईट असेल तर तो एक वाईट गुणच वर्ग खाली ओढतो. म्हणून आपली मीटरभर खोल काळी जमीनसुद्धा बहुतेकदा पहिल्या वर्गात बसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात जाते. फुगते, आकसते, भेगाळते आणि पावसात वाफसा यायला दिवस लावते.

आता एक उदाहरण. बालाघाटच्या उतारावर, बीड जिल्ह्यात, माझ्या मामाची जमीन आहे. माळाच्या कडेपासून सुरू होते आणि खाली ओढ्याला जाऊन भिडते. मामाचं म्हणणं कायम एकच : "आरं, सातबारा एक, जमीन एक, पेरायचं बी एकच." म्हणून वरून खालपर्यंत सोयाबीन.

एका उन्हाळ्यात वर, मधे आणि खाली असे तीन खड्डे घेतले. सर्वेक्षण असंच होतं, माथ्यावरून ओढ्याकडं चालत जायचं. हातात गटांचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र, आणि जिथं उतार, रंग किंवा गवत बदलतं तिथं थांबायचं. कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खड्डा, नाहीतर दीड-दोन मीटरपर्यंत. प्रत्येक थराची जाडी मोजायची, ओली माती बोटात चोळून पोत बघायचा, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकायचे. फेस आला की चुना आहे.

वरच्या तुकड्यात वीत-दीड वीत मातीखाली, म्हणजे 25 सेंटिमीटरवर, मुरूम लागला. मातीत गोटे, उतार शंभर फुटाला चार-पाच फूट. मधल्या पट्ट्यात 70 सेंटिमीटरपर्यंत मध्यम काळी, खाली मऊ, पाणी मुरणारा मुरूम. ओढ्याकडच्या तुकड्यात मीटर ओलांडला तरी काळी चिकण मातीच, खाली गेल्यावर ढेकळांच्या बाजू तुकतुकीत, चकाकणाऱ्या. माती फुगून एकमेकांवर घासते त्याच्या त्या खुणा. वर्ग लावायचे तर वरचा तुकडा चौथा, ई आणि एस दोन्ही. मधला तिसरा. खालचा दुसरा, एस.

उथळ मातीनं नेमकं काय बिघडतं ते पाण्याच्या हिशोबात दिसतं. खालच्या काळ्या मातीच्या एका मीटरात पिकाला उचलता येईल असं साधारण 160 मिलिमीटर पाणी साठतं. वरच्या 25 सेंटिमीटर गोटाळ मातीत जेमतेम 30. शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला 4 ते 5 मिलिमीटर पाणी पितं. म्हणजे पाऊस थांबला की खालचं पीक महिनाभर तग धरतं आणि वरचं आठवड्यात माना टाकतं. ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांची उघडीप मराठवाड्याला नवी नाही. 'यंदा सोयाबीन गेलं' असं मामा दर दोन-तीन वर्षांनी म्हणतो, तेव्हा खरं तर वरचंच गेलेलं असतं, आणि खालच्या उताऱ्यात ते मिसळून सरासरी काढली जाते. आता मूग किंवा हुलगा वर घ्यावा, मूग तर कमी दिवसांत निघतो, हे मी सांगितलंय. मामा अजून ऐकायच्या तयारीत नाही. मुगाला भाव कुठं आहे, हा त्याचा सवाल, आणि त्याचं उत्तर मृदा नकाशात नाही हे मला मान्य आहे.

माळाचा कडक भाग, जिथं माती बोटभरही नाही, तो सहाव्या-सातव्या वर्गात जातो. नांगर नको. आता असल्या जमिनीला लोक 'पडीक' म्हणून हिणवतात, पण बालाघाटच्या याच डोंगरउतारांवर सीताफळ आपोआप उगवतं आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कमी वर्ग म्हणजे नालायक जमीन नव्हे. तिच्यावर दरवर्षी कुळव फिरवू नका, एवढंच तो वर्ग सांगतो.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. मामाच्या शेजाऱ्यानं त्याच्या सगळ्यात चांगल्या, म्हणजे ओढ्याकाठच्या भारी रानात मोसंबी लावली. दुसऱ्या वर्गाची जमीन, विहिरीला पाणी, मग अडचण काय? अडचण मुळांची. मोसंबीला पाण्याचा निचरा लागतो. भारी चिकण मातीत पावसाळ्यात मुळांभोवती पाणी तुंबतं, हवा संपते, मुळं कुजतात, बुंध्यातून डिंक गळतो. त्यात चुना जास्त असेल तर झाडाला लोह घेता येत नाही. कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सुरुवातीची वर्षं झाडं छान दिसतात, म्हणून चूक कळत नाही. सात-आठ वर्षांनी, नेमकी भरपूर फळं धरायच्या वेळी, बाग बसते. त्याच शेजाऱ्याचा मधला पट्टा, वर्गानं एक पायरी खाली असलेला, खाली निचरा होणाऱ्या मुरमाचा, मोसंबीला बरोबर होता.

इथं दोन वेगळे नकाशे लागतात हे कृषी योजनांच्या कागदांत विसरलं जातं. क्षमतेचा वर्ग सांगतो की जमीन साधारण नांगरटीला किती सोसेल. एखादं पीक तिथं येईल का, हे सांगायला योग्यतेचं मूल्यमापन वेगळं करतात. त्याचा आराखडा जागतिक अन्न व कृषी संघटनेनं 1976 मध्ये दिला आणि त्यात प्रत्येक पिकासाठी जमीन पुन्हा तपासावी लागते. दुसऱ्या वर्गावर डोळे झाकून फळबागेचं अनुदान देणं आणि चौथ्या वर्गावर सरसकट सोयाबीनचं प्रात्यक्षिक घेणं, या दोन्ही चुका एकाच घोटाळ्यातून येतात.

दुसरा घोटाळा प्रमाणाचा. राज्याचा मृदा नकाशा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोनं केलाय, आणि तो 1 : 2,50,000 प्रमाणात आहे. काम चांगलंच आहे, पण त्या प्रमाणात नकाशावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 625 हेक्टर. हजार हेक्टरचं गाव अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं आणि बहुतेकदा एकाच रंगात. सूचीत वाचलं तर 'उथळ माती, सोबत मध्यम खोल माती' असं लिहिलेलं असतं. त्यातलं 'सोबत' म्हणजेच मामाची ओढ्याकडची काळी. नकाशा चुकीचा नाही, त्याला गटाबद्दल विचारणं चुकीचं आहे. तो जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या धोरणासाठी केलेला असतो. गटापर्यंत जायचं तर 1 : 10,000 लागतो, तिथं एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर. असे गावपातळीचे नकाशे मराठवाड्यात सगळीकडं नाहीत. मग लोक जिल्ह्याचा नकाशा स्क्रीनवर मोठा करून त्यावर गटांच्या रेघा मारतात. नकाशा मोठा दिसतो, माहिती तेवढीच राहते. आराखड्यात गावाला एकच रंग आणि सगळ्या गटांना एकच शिफारस दिसली, की हे घडलंय असं खुशाल समजा. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण बघा आणि त्या शिवारात किती खड्डे घेतले ते विचारा.

एक प्रश्न हमखास येतो : गाळ टाकला तर वर्ग बदलेल का? तलावातला गाळ माळावर टाकायची लाट आली आहे, आणि उथळ जमिनीला ती फायद्याचीही आहे. पण हिशोब करून बघा. एका एकरावर 10 सेंटिमीटर थर द्यायचा तर साधारण 400 घनमीटर, म्हणजे 140 ब्रास गाळ लागतो. त्यातून पिकासाठी साठणारं पाणी वाढतं 15 ते 18 मिलिमीटर, म्हणजे उघडिपीत सोयाबीनला तीन-चार दिवस जास्त. मामाच्या वरच्या तुकड्यात 25 चे 35 होतील, एस थोडा हलका होईल, पण उतार तिथंच राहतो, म्हणजे ई जात नाही आणि वर्गही सहसा बदलत नाही. बांध आधी घातला नसेल तर पहिल्या जोरदार पावसात गाळाचा बराचसा भाग खालच्या रानात. मामानं मागल्या वर्षी वरच्या कडेला दीडेक एकरावर गाळ टाकला, बांध अजून अर्धाच झालाय. पुढच्या सर्वेक्षकाला तिथं खड्डा घेतला तर वर काळी, खाली एकदम गोटाळ अशी विचित्र माती दिसेल आणि तो डोकं खाजवेल. म्हणून कुठल्या तुकड्यावर कधी आणि किती गाळ पडला, ते ग्रामपंचायतीनं गटवार लिहून ठेवावं असं मी सुचवलंय. अजून वही आणलेली नाही.