नाव न विचारताही मूल ओळखू येतं

"मावशी, माझा एमएसडब्ल्यूचा प्रोजेक्ट आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीच्या पोरांना घरातली भाषा, शाळेतली भाषा आणि सीमाप्रश्नाबद्दल घरात काय बोलतात ते विचारायचं आहे. नाव लिहून घेणार नाही. हेडसर तोंडी हो म्हणालेत. मग पालकांची सही कशाला? गाइड म्हणतात, हे सगळं अमेरिकेतलं खूळ."

गाइडचं निम्मं बरोबर आहे. मी न्यू जर्सीत विद्यापीठाच्या ज्या कचेरीत काम करते, तिथे माणसांवरच्या संशोधनाचे अर्ज तपासले जातात. निनावी, साध्या पाहणीला लेखी सहीतून सूट मिळालेली मी पाहते. पण ती सूट समिती देते, पाहणी करणाऱ्याने ती स्वतःला द्यायची नसते. आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यात भाग घेणाऱ्या शाळकरी मुलाला वर्गमित्रांना प्रश्नावली द्यायची असेल, तरी आधी एक समिती ती वाचते. तिच्यात एक शिक्षक, एक शाळेचा प्रशासक आणि एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्याची जाण असलेली व्यक्ती असावीच लागते. उत्तरं गोळा करून मागाहून परवानगी आणली, तर चालत नाही.

आणि हे अमेरिकेपुरतं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार मागतात: 7 ते 12 वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे 18 पर्यंत लेखी. त्या आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, पण नववीच्या वर्गात शिरताना तेच टप्पे धरणं शहाणपणाचं. पालक हो म्हणाले आणि पोरगी नको म्हणाली, तर नकोच.

माझी खरी काळजी सहीची नाही, "नाव लिहून घेणार नाही" या वाक्याची आहे. समजा वर्गात 22 मुलं आहेत, त्यात 9 मुली. जांबोटीकडच्या एका वस्तीवरून त्यातल्या दोघीच येतात. एकीचे वडील भातशेती करतात, दुसरीचे गोव्यात हॉटेलात कामाला आहेत. आता तुझा कागद बघ: मुलगी, गाव, वडिलांचा व्यवसाय. या तीन रकान्यांत ती पोरगी पुरती उभी राहते, आणि त्याच पानावर खाली तिने लिहिलेलं असतं की मोर्चाबद्दल घरी आजोबा काय बोलतात. कागद गोळा करणारे वर्गशिक्षक तिचं अक्षरही ओळखतात. शहरातल्या दोन हजार मुलांच्या पाहणीत जे निनावी ठरतं, ते तालुक्यातल्या छोट्या वर्गात ठरत नाही.

म्हणून गावाचा आणि व्यवसायाचा रकाना काढ. अंतर हवंच असेल तर "चालत येतो" आणि "बसने येतो" एवढंच ठेव. लिहायला लावू नकोस, फक्त खुणा करायच्या. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याने कोरा कागद त्याच पाकिटात घालून त्याच पेटीत टाकावा, म्हणजे नकार कुणाला दिसणार नाही. तेवढा वेळ शिक्षक वर्गाबाहेर थांबतील, हे आधीच ठरवून घे. सह्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेव, त्यांवर आणि प्रश्नावलीवर जुळणारे क्रमांक घालू नकोस. अहवालातल्या तक्त्याच्या एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी मुलं येत असतील, तर शेजारच्या चौकटीत मिळवून छाप.

एवढं केल्यावरही बहुतेक प्रोजेक्ट शेवटच्या पानांवर फसतात. ऋणनिर्देशात मुख्याध्यापकांचं नाव, परिशिष्टात परवानगीचं पत्र आणि प्रश्नावली भरणाऱ्या मुलांचा फोटो. आत "तालुक्यातील एक शाळा" लिहिलेलं मग कशाला? पत्र कॉलेजच्या फाइलीत राहू दे, फोटो काढूच नकोस.

परवानगीबद्दल माझ्या आईच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांशी फोनवर बोलले. बाईंनी उभी हयात सीमाभागातल्या शाळांत काढली आहे. त्यांचं म्हणणं, सरकारी शाळा असेल तर हेडसरांच्या होकारावर राहू नये. कॉलेजच्या लेटरहेडवर, सोबत संपूर्ण प्रश्नावली जोडून, कन्नडमध्ये अर्ज बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला द्यावा. खाजगी अनुदानित शाळा असेल तर संस्थाचालकांनाही. पालकांची चिठ्ठी मात्र मराठीत, एका पानाची. "आणि एक नोव्हेंबरच्या आसपास जाऊ नको म्हणावं," बाई म्हणाल्या. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. त्या आठवड्यात भाषेवरची प्रश्नावली घेऊन वर्गात उभं राहिलं, तर मुलं उत्तर देत नाहीत, बाजू घेतात.

आमच्या काकांना वेगळंच वाटलं. त्यांना वाटलं मराठी पोरांना मराठीत बोलायला परवानगी मागायची वेळ आली. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते रस्त्यावर होते, त्यामुळे फोनवर आवाज चढला. "आपली पोरं आपलं दुखणं सांगतील, त्याला बीईओची सही कशाला पाहिजे गा?" त्यांचा राग मला समजतो. पण दुखणं सांगायचं की नाही हे चौदा वर्षांच्या पोरीने ठरवायला हवं, आणि सांगितल्याचा त्रास उद्या तिला होणार, काकांना नाही. इथे अमेरिकेत केंद्रीय शिक्षण खात्याच्या पैशातून विद्यार्थ्यांची सक्तीची पाहणी करायची असेल, तर आठ विषयांना पालकांची लेखी संमती आधी लागते. मुलाची किंवा आईवडिलांची राजकीय मतं हा त्यातला एक. बेळगावात भाषेचा प्रश्न तिथेच जाऊन बसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सीमाप्रश्नावरचा प्रश्न मुलांच्या कागदावरून काढ. तो बेळगाव-खानापूरच्या कॉलेजातल्या, 18 पूर्ण झालेल्या मुलामुलींना विचार. ते मराठी शाळेतूनच आलेत, स्वतःची संमती स्वतः देतील. दहावीनंतर शिक्षण सुटलेली मुलं यात सापडणार नाहीत, ही उणीव अहवालात लिही. नववीच्या वर्गाला घरी कोणती भाषा, मित्रांशी कोणती, कोणत्या विषयाचं पुस्तक जड जातं, एवढंच विचार. प्रोजेक्ट तेवढ्यानेही उभा राहतो.

शेवटी तू "आणखी काही सांगायचं आहे का?" असा मोकळा प्रश्न ठेवला आहेस. एखादं मूल तिथे घरातल्या लैंगिक अत्याचाराबद्दल लिहील. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे "तुझं उत्तर कुणालाच सांगणार नाही" हे वचन तू देऊ शकत नाहीस, आणि निनावी कागदावरून ते मूल शोधून मदतही करू शकत नाहीस. त्या प्रश्नाऐवजी 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक फळ्यावर लिही, तो कशासाठी आहे ते सांग.

एक गोष्ट मात्र माझ्याकडूनही सुटत नाही. ज्यांचे आईवडील गोव्यात किंवा पुण्यात कामाला आहेत, त्यांच्या चिठ्ठीवर आजीचा अंगठा येईल. आजी मुलाला सांभाळते, पण कायद्याने पालक ती नव्हे. ही मुलं वगळली, तर वर्गातला ज्यांची सगळ्यात जास्त ओढाताण होते तोच भाग पाहणीतून निघून जातो. बाई म्हणतात, आजीचा अंगठा घ्यावा आणि आईला शिक्षकांसमोर फोन लावून विचारावं, तारीख-वेळ टिपून ठेवावी. मला ते पटतं. गाइडला पटत नाही, ते म्हणतात ही मुलं सोडूनच द्या. कॉलेजची समिती काय ठरवते ते तू कळव. तोवर कागद छापायला टाकू नकोस.