लिफोने नफा जास्त दिसतो म्हणे!

"भाव वाढत असले की लिफो लावा, शेवटचा माल आधी विकला धरतात म्हणून नफा जास्त दिसतो."

उलटं आहे हो. अमेरिकेतल्या एखाद्या दुकानाचं बघा, म्हणजे आकड्यांतच कळेल. सुरुवातीला १०० नग ५० डॉलरने, १० तारखेला १०० नग ५५ ने, २८ ला १०० नग ६० ने. विक्री १५० नग, ८० ने, तीही २० तारखेला.

पिरिऑडिक लिफोत महिनाअखेरीला एकदाच हिशोब, तारखा बघायच्याच नाहीत, त्यामुळे २८ चा माल विक्रीनंतर आला तरी तोच आधी विकला धरायचा (विचित्र वाटतं, पण पद्धतच तशी). म्हणजे १०० × ६० अधिक ५० × ५५, खर्च ८,७५०. विक्री १२,०००, ग्रॉस प्रॉफिट ३,२५०.

फिफोत उलट, आधी आलेला माल आधी विकला धरतात, म्हणून १०० × ५० अधिक ५० × ५५, खर्च ७,७५० आणि प्रॉफिट ४,२५०, म्हणजे फिफोतच हजार डॉलर जास्त. हे हजार कुठे गेले? क्लोजिंग स्टॉकमध्ये बघा, लिफोत तो ७,७५० आणि फिफोत ८,७५०.

तिकडे लिफो घेतात ते टॅक्स कमी बसावा म्हणूनच, आणि आपल्याकडे तर स्टॉकच्या हिशोबाचं अकाउंटिंग स्टँडर्ड एएस २ लिफोला परवानगीच देत नाही.