नुसता फोटो

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वसुबारसेच्या आदल्या रात्री मला रांगोळीचा फोटो पाठवला. नुसता. खाली एक अक्षर नाही, प्रश्नचिन्ह नाही, हात जोडलेले नाहीत. मी तो उघडला, म्हणजे तिकडे दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे आता गप्प बसणं हा उद्धटपणा झाला. बिल्डिंगमध्ये माझी रांगोळी बरी असते अशी एक अफवा आहे. तिचे असे हप्ते मी दरवर्षी फेडते.

मी ‘छान!’ लिहिलं. काकूंनी तोच फोटो पुन्हा पाठवला.

म्हणजे ‘छान’ हे उत्तर नव्हतं. मग काय हवं होतं? फोटोत काय आहे ते सांगू? ते तर त्यांच्यासमोरच होतं. कशी काढायची ते सांगू? की रंग कुठले भरायचे ते? माणसं भाजीवाल्यासमोर नुसता दुधी उचलून उभी राहत नाहीत, ‘कसा दिला?’ एवढं तरी विचारतात. फोनवर मात्र सगळ्यांना मौनव्रत लागतं.

सकाळी मुलुंडहून गाडी पकडली. चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धी मी बसले आणि अर्धी वाऱ्यावर. फोटो मोठा करून ठिपके मोजत होते. शेजारच्या मावशी मांडीवरच्या पिशवीत गवार मोडत होत्या. मोडता मोडता त्यांनी एक शेंग थेट माझ्या स्क्रीनवर टेकवली.

“तिरके आहेत.”

“काय?”

“ठिपके. पाकळ्या मोज. सहा ना? सहा आल्या की तिरके. वरच्या ओळीचा ठिपका खालच्या दोघांच्या मधे. चार किंवा आठ असत्या तर समोरासमोर.”

हे मलाही माहीत होतं. पण भरल्या डब्यात गवारीच्या शेंगेने शिकवलं गेलं की माहीत असलेलंही अपमानास्पद वाटतं. मी म्हटलं, “हो, पंधरा ते आठ दिसतेय.”

“दिसतेय काय? मोजलीस का?”

“मधली ओळ पंधरा आली. वरची धड मोजता येत नाही. रेघांखाली ठिपके गेलेत, आणि फोटो उभ्याने काढलाय. लांबच्या ओळी चेपल्यात.”

“मग वरची कशाला मोजतेस? कड मोज!” शेंग तिरकी सरकली. “मधल्या ओळीच्या टोकापासून कडेकडेने खाली ये. जवळची बाजू स्वच्छ दिसते. किती?”

“आठ.”

“झालं! सहाही बाजू सारख्या, म्हणजे वरही आठच. पंधरातून आठ गेले सात, म्हणजे मधलीच्या वर सात ओळी, खाली सात. एकशे एकोणसत्तर ठिपके.” आणि मला म्हणाल्या, “करून बघ.” मी केलं. 169 आले. समोरच्या बाईनेही केलं, तिचे 168 आले, आणि नाहूर ते विक्रोळी डब्यात त्यावर वाद चालला. त्या एका ठिपक्यावर मधली ओळ दोनदा मोजल्याचा आरोपही झाला. मावशींनी तो फेटाळला. मधली दोनदा मोजली असती तर पंधरा वाढले असते, एक कमी कसा होईल?

पूर्वी फोटो नव्हते तेच बरं होतं, असं माझी आई म्हणते. मामी फोनवर ‘पंधरा ते आठ, मधले ठिपके, मधोमध सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला पणती’ एवढं सांगायची आणि आई इकडे कागदावर उतरवून घ्यायची. आता चित्र येतं आणि वाक्य जातं.

असो. मी ठरवलं की तिन्ही उत्तरं एकदम देऊन टाकायची. वर्णन मामीच्या पद्धतीने, एका ओळीत. मग कृती. आधी मधली पंधरांची ओळ घाला, तिच्यावर फटींमध्ये चौदा, मग तेरा, असं आठपर्यंत, आणि खालीही तसंच. एखादी ओळ फटीऐवजी ठिपक्याच्या डोक्यावर सुरू झाली तर रेघा जोडेपर्यंत कळत नाही आणि मग पाकळ्या भेटत नाहीत. म्हणून जोडण्याआधी लांबून कड बघा. ती सरळ तिरपी उतरायला हवी, जिथे दात पडलाय ती ओळ चुकली. जोडताना एक पाकळी पूर्ण सजवत बसू नका. एक रेघ सहाही ठिकाणी काढा, मग दुसरी, म्हणजे सहाही सारख्या होतात. दोन ठिपक्यांत दोन इंच धरले तर रुंदी 28 इंच होते. तुमचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, ते एका फटक्यात निम्मी रांगोळी पुसेल. अंतर एक इंच ठेवा.

“रंगाचं काय?” मावशी आता राजरोस वाचत होत्या. “तो केशरी नाही. गुलाबी आहे.”

“केशरीच आहे.”

“पांढरी रेघ बघ. पांढरी राहिलीय का? पिवळट आलीय. पिवळ्या दिव्याखालचा फोटो, सगळ्यातच पिवळा मिसळलाय. तेवढा काढून टाक. काय उरलं?”

गुलाबी उरला. मला राग आला. मी लिहिलं: गुलाबी, पण नुसता नको, त्यात निम्मी पांढरी रांगोळी मिसळा, म्हणजे रंग मऊ दिसतो आणि बोटांतून सारखा पडतो. भरताना कडा विस्कटतात, म्हणून शेवटी पांढऱ्या रेघा पुन्हा ओढा.

कुर्ल्याला मावशी उठल्या. जाता जाता म्हणाल्या, “आणि खालच्या कोपऱ्यातली पावलं बाहेर चाललीयत.” लक्ष्मीची पावलं होती खरी, फोटोत अर्धवट आलेली. मी दुर्लक्ष केलं. तोपर्यंत मेसेज इतका लांब झाला होता की ‘पुढे वाचा’ आलं. काकूंचं उत्तर आलं: अंगठा.

संध्याकाळी जिन्यात भेटल्या. म्हटलं, “काकू, जमली का?”

“काय?”

“रांगोळी! सकाळी सगळं लिहून पाठवलं ना.”

“ते होय. एवढं मोठं कोण वाचतंय गं, फराळाचं पडलंय अजून. आणि मला काढायचीच नाहीये. स्टिकर आणलाय दादरहून. मला ती पावलं विचारायची होती. लक्ष्मी आत यायला हवी ना, मग ही आपल्याकडे तोंड करून बाहेर का निघालीय?”

तीन अंदाज केले होते, हा चौथा. मी जिन्यात पिशवी खाली ठेवून समजावलं, की फोटो काढणारी बाई उंबऱ्याच्या आत उभी आहे. तिच्याकडे बोटं केलेली पावलं म्हणजे घरातच येणारी पावलं. तुम्ही बाहेर उभं राहून लावाल तर बोटं तुमच्या विरुद्ध, दाराकडे हवीत.

“असं होय,” काकू म्हणाल्या, “मग एवढंच लिहायचं होतंस.”

“तुम्ही विचारायचं होतं ना तसं!”

“विचारायचं काय त्यात? फोटोत दिसतंय की.”